वहीतला विचार आणि छापायची सिद्धता

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुण दाखवून दिला. चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने मांडायचे आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. येईल त्या उत्तरावर पुन्हा हेच करत राहिलं की थोड्याच फेऱ्यांत ६१७४ येते आणि मग तीच येत राहते. सगळे अंक सारखे असलेल्या संख्या तेवढ्या याला अपवाद. तीन अंकी संख्यांच्या बाबतीत ही जागा ४९५ घेते. हे खरं आहे याची खात्री पाच-सहा संख्या घेऊन कोणालाही पटते. ते सिद्ध करणं वेगळं, आणि सिद्ध केलेलं दुसऱ्याला वाचता येईल असं मांडणं त्याहून वेगळं. या लेखात मला त्या शेवटच्या कामाबद्दल लिहायचं आहे: अर्धवट सिद्धतांनी भरलेली वही घेऊन तिच्यातून व्याख्या, लेमा, प्रमेय आणि सिद्धता अशी सरळ रांग कशी लावायची. लेमा म्हणजे मुख्य प्रमेयाकडे नेणारं छोटं, स्वतंत्रपणे सिद्ध केलेलं विधान. उदाहरण ४९५ चंच घेऊ, कारण त्याला बेरीज-वजाबाकीपलीकडचं गणित लागत नाही.

हुशार विद्यार्थ्याच्या वहीत हा विचार पहिल्यांदा उतरतो तेव्हा तो साधारण असा दिसतो:

«कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. उदा. ७२१. ७२१ − १२७ = ५९४, ९५४ − ४५९ = ४९५, पुढे ४९५ च. ३१० घेतले तर २९७, ६९३, ५९४, ४९५. फरक नेहमी ९९ च्या पटीत येतो, कारण मधला अंक उडून जातो. फरकाचा मधला अंक ९ असतो आणि अंकांची बेरीज १८. संख्या मोजक्याच असल्याने कधीतरी पुनरावृत्ती होणारच. ४९५ सोडून दुसरे चक्र नाही, म्हणून शेवटी ४९५ येते. दुसरे चक्र का नाही? कारण सगळ्या संख्या शेवटी ४९५ लाच येतात. फरक मोठा असेल तर कमी होत होत ५ वर थांबतो.»

या मजकुरात सिद्धतेला लागणारा जवळजवळ सगळा माल आहे. तरीही ही सिद्धता नाही. अशा वहीवर लाल रेघा मारून ती परत करणं सोपं आहे, पण त्याने लिहिणाऱ्याला काही मिळत नाही. वाक्य चुकीचं आहे, अपुरं आहे, की फक्त चुकीच्या जागी आहे, हे वेगळं करून दाखवावं लागतं.

मी अशा कामाची सुरुवात शेवटापासून करते. आपल्याला नेमकं काय सिद्ध करायचं आहे ते एका वाक्यात लिहायचं, आणि ते वाक्य वहीतलं बाकी काहीही न वाचलेल्या माणसाला कळलं पाहिजे. शाळेच्या भूमितीत आपण पक्ष आणि साध्य वेगळे लिहायचो, तीच शिस्त इथे लागते. वहीतलं पहिलं वाक्य ‘कोणतीही तीन अंकी संख्या घ्या’ असं आहे. ७७७ घेऊन पाहिलं तर पहिल्याच फेरीत शून्य येतं. म्हणजे पक्षात एक अट राहून गेली आहे: सगळे अंक सारखे नसावेत. ‘शेवटी ४९५ येते’ हे साध्यही मोघम आहे. किती फेऱ्यांत? दोन उदाहरणांत दोन आणि चार फेऱ्या लागल्या. वहीत आकडा दिलेला नाही, पण सिद्धता नीट लावली की तो हाती लागतो. म्हणून तात्पुरतं असं लिहून ठेवायचं: सगळे अंक सारखे नसलेल्या कोणत्याही तीन अंकी संख्येवर ही क्रिया अमुक वेळा केली की ४९५ मिळते. ‘अमुक’ची जागा रिकामी ठेवायला हरकत नाही. रिकामी जागा दिसत राहते, मोघम शब्द दिसत नाही.

त्यानंतर शब्दांकडे वळायचं. वहीत ‘फरक’ हा शब्द दोन कामं करतो आहे. ‘फरक ९९ च्या पटीत येतो’ इथे फरक म्हणजे दोन संख्यांची वजाबाकी. शेवटच्या ओळीत ‘फरक ५ वर थांबतो’ म्हटलं आहे तिथे तो सर्वांत मोठा अंक उणे सर्वांत लहान अंक असा आहे. लिहिणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही स्वच्छ आहेत. वाचणारा मात्र शेवटच्या ओळीशी अडखळतो, कारण ९९ च्या पटीतली वजाबाकी ५ कशी होईल? एका शब्दाला दोन अर्थ आले की तिथे व्याख्या हवी, ही माझी ढोबळ खूण आहे. पहिल्याला आपण नुसतं ‘क्रियेचं उत्तर’ म्हणू. दुसऱ्याला नाव देऊ ‘पसारा’: संख्येतला सर्वांत मोठा अंक उणे सर्वांत लहान अंक. ७२१ चा पसारा ६, ३१० चा ३, ७७७ चा शून्य. ‘सगळे अंक सारखे नसणे’ ही लांबलचक अट आता ‘पसारा शून्य नसणे’ एवढीच उरते. व्याख्या चांगली निवडली गेली आहे हे अशा वेळी कळतं, कारण तिच्यामुळे आधी लिहिलेली वाक्यं आखूड होतात.

दुसरी व्याख्या वहीत कुठेच नाही, आणि खरं भोक तिथेच आहे. १०० घ्या. १०० − ००१ = ९९. आता पुढे काय करायचं? ९९ ही दोन अंकी संख्या मानली तर उलटून पुन्हा ९९ च, वजाबाकी शून्य, आणि सगळा दावाच कोसळला. ती ०९९ अशी तीन जागांत लिहिली तर ९९० − ०९९ = ८९१, आणि गाडी पुढे चालते. म्हणजे सुरुवातीचं शून्य धरायचं की नाही यावर प्रमेय खरं की खोटं हे ठरतं. वहीत ३१० चं उदाहरण आहे, तिथे चढत्या क्रमात ०१३ वापरलं गेलं, पण ते सवयीने. सवयीने केलेली गोष्ट लिहून काढणं हे व्याख्येचं काम.

व्याख्या १. तीन अंकी संख्या म्हणजे तीन जागा भरून लिहिलेली ००० ते ९९९ मधली कोणतीही संख्या. पुढची शून्यं अंक म्हणून धरायची.

व्याख्या २. संख्येचा पसारा म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा अंक उणे सर्वांत लहान अंक.

व्याख्या ३. कापरेकर क्रिया म्हणजे अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करणे. उत्तर पुन्हा तीन जागांत लिहायचे.

आता मधला भाग. इथे मी एक कोरा कागद घेते आणि वहीतलं प्रत्येक विधान एकेका वर्तुळात लिहिते. एक विधान दुसऱ्यासाठी वापरलं असेल तर पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण. वहीत जिथे जिथे ‘म्हणून’ किंवा ‘कारण’ आलं आहे तिथे बाण निघतो. या उदाहरणात हा कागद लगेच बोलू लागतो. ‘दुसरे चक्र नाही’ या वर्तुळातून ‘शेवटी ४९५ येते’ याकडे बाण जातो, आणि तिथूनच एक बाण परत पहिल्याकडे येतो. दोन विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत, जमिनीवर कोणीच नाही. सलग वाचताना हा दोष सहसा सुटतो, कारण दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि खऱ्या वाक्यांवर डोळा अडत नाही. बाण काढले की तो लपत नाही. अशी फेरी सापडली तर वाक्यांची अदलाबदल करून भागत नाही. फेरीतल्या एका तरी विधानाला बाहेरून स्वतंत्र आधार आणावा लागतो.

तो आधार वहीतच पडलेला आहे, फक्त विखुरलेला. ‘फरक ९९ च्या पटीत येतो’ हे विधान घेऊ. कितीच्या पटीत, हे वहीत सांगितलेलं नाही. मोठ्यापासून लहानापर्यंत अंक अ, ब, क असले तर उतरती मांडणी १००अ + १०ब + क आणि चढती १००क + १०ब + अ. वजा केल्यावर १०ब खरंच उडून जातो आणि ९९अ − ९९क उरतात. अ − क म्हणजेच पसारा.

लेमा १. संख्येचा पसारा प असेल तर क्रियेचे उत्तर ९९ × प असते.

वहीत पुढे ‘मधला अंक ९, बेरीज १८’ असं आहे, पण त्याला कारण दिलेलं नाही. ९९ × प म्हणजे १००प − प. शंभराच्या घरातून एक उसना घेतला की १००(प − १) + ९० + (१० − प) असं लिहिता येतं.

लेमा २. प हा १ ते ९ यांपैकी असेल तर ९९ × प चे अंक क्रमाने प − १, ९ आणि १० − प असतात.

हे दोन लेमा जोडून एक करता आले असते. कुठे तोडायचं याचा नियम कोणी ठरवून दिलेला नाही. काहींना मोठे लेमा आवडतात, काही जण प्रत्येक श्वासाला नवा लेमा लिहितात. मी अट बदलते तिथे तोडते. लेमा १ पसारा शून्य असतानाही खरा आहे, लेमा २ नाही: तिथे प शून्य घातला तर पहिला अंक उणे एक निघतो. ७७७ सारख्या संख्या याच ठिकाणी बाहेर पडतात, आणि दोन लेमा वेगळे ठेवल्याने वाचणाऱ्याला ती जागा बोट ठेवून दाखवता येते.

आता वहीतलं शेवटचं वाक्य: ‘फरक मोठा असेल तर कमी होत होत ५ वर थांबतो.’ लहान असेल तर काय, यावर वही गप्प आहे. वहीतलंच ३१० पाहा, पसारा ३. पहिल्या फेरीनंतर २९७ आले, त्याचा पसारा ७. म्हणजे लहान पसारा आधी वाढतो. तेव्हा ‘कमी होत होत’ या वर्णनावर विसंबता येत नाही, नवा पसारा जुन्यावरून नेमका कसा मिळतो ते लिहायला हवं. लेमा २ प्रमाणे उत्तराचे अंक प − १, ९ आणि १० − प. त्यांत सर्वांत मोठा ९, कारण बाकीचे दोन कधीच ९ च्या पुढे जात नाहीत. त्या दोघांची बेरीजही ९ आहे. मग ९ मधून त्यांतला लहान वजा केला की मोठाच उरतो.

लेमा ३. पसारा प शून्य नसेल तर क्रियेनंतरचा पसारा म्हणजे प − १ आणि १० − प यांपैकी मोठा अंक. तो किमान ५ असतो.

किमान ५ का? दोन पूर्ण अंकांची बेरीज ९ असेल तर त्यांतला मोठा ५ पेक्षा कमी असू शकत नाही. हे छोटं उपवाक्य मुद्दाम लेमात घातलं आहे. क्रिया करता करता मध्येच एखादी ४४४ सारखी संख्या आली आणि पुढे शून्य झालं, असं होणार नाही याची हमी त्यातून मिळते. वहीत ही शंका विचारलेलीच नव्हती.

‘अंकांची बेरीज १८’ हे विधान मी कागदावर पहिल्यांदा काढलं असतं तर त्यातून एकही बाण निघाला नसता, आणि ते खोडावंसं वाटलं असतं. वापर नसलेलं विधान कितीही खरं असलं तरी मुख्य रांगेत ठेवू नये, हे बरोबरच आहे. पण खोडण्याआधी ते लिहिणाऱ्याला का सुचलं असेल याचा विचार करावा. इथे मधला ९ बाजूला केला की १८ मधून उरलेल्या दोन अंकांची बेरीज ९ राहते, आणि लेमा ३ नेमका त्यावरच उभा आहे. लिहिणाऱ्याला कामाची गोष्ट दिसली होती, ती कशासाठी लागेल ते दिसलं नव्हतं.

आता प्रमेय लिहायला काही अडचण उरत नाही. प ६ किंवा जास्त असेल तर नवा पसारा प − १. प ५ किंवा कमी असेल तर नवा पसारा १० − प. म्हणून १ चा ९ होतो, २ चा ८, ३ चा ७, ४ चा ६. तिथून ९, ८, ७, ६ असं एकेक पायरी उतरत ५ येतो आणि ५ चा ५ च राहतो. सर्वांत लांबचा रस्ता १ पासूनचा: १, ९, ८, ७, ६, ५. त्याला पाच फेऱ्या लागतात. सहाव्या फेरीत लेमा १ प्रमाणे ९९ × ५, म्हणजे ४९५.

प्रमेय. पसारा शून्य नसलेल्या कोणत्याही तीन अंकी संख्येवर कापरेकर क्रिया ६ वेळा केली की ४९५ मिळते.

सुरुवातीला सोडलेली जागा ६ ने भरली. त्याहून कमी फेऱ्यांत सगळ्यांचं भागत नाही हे १०० वरून दिसतं: ०९९, ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५. ‘जास्तीत जास्त ६’ असं न म्हणता ‘६ वेळा केली की’ म्हटलं आहे, कारण जी संख्या आधीच ४९५ वर पोचते ती तिथेच राहते; त्यामुळे सगळ्यांसाठी एकच वाक्य पुरतं. आणि वहीत ज्यावरून गोल गोल फिरणं झालं होतं ते ‘४९५ हीच एक न बदलणारी संख्या’? शून्य पसाऱ्याच्या संख्या सोडून बोलायचं तर ते आता प्रमेयाखाली एका ओळीत येतं: एखादी संख्या क्रियेने बदलत नसेल तर ६ फेऱ्यांनंतरही ती तीच असेल, आणि प्रमेय म्हणतं की तेव्हा ती ४९५ असते. त्याला वेगळी सिद्धता लागली नाही. बाण आता सगळे एकाच दिशेने जातात.

छापायला देण्यापूर्वी मी मजकूर उलट्या दिशेने एकदा तपासते. प्रमेयात दिलेली प्रत्येक अट सिद्धतेत कुठे खर्ची पडली, हे शोधायचं. एखादी अट कुठेच वापरलेली नसेल तर एक तर ती नको आहे, नाहीतर सिद्धतेत भोक आहे. ‘पसारा शून्य नसावा’ ही अट लेमा २ मध्ये लागली. ‘पुढची शून्यं धरायची’ ही अटही लेमा २ मध्येच लागते, आणि तीही फक्त प १ असताना, कारण तेव्हाच पहिला अंक शून्य येतो. दहा-वीस उदाहरणं सोडवूनही ही अट लक्षात आली नसती, कारण १०० किंवा ५४५ सारखी पसारा १ असलेली संख्या नेमकी हाती आली पाहिजे. गणिताचं टंकलेखन लाटेकमध्ये करणाऱ्यांनी लेमांना हाताने क्रमांक न देता `\label` आणि `\ref` वापरावेत. मध्ये एखादा लेमा वाढला की पुढचे क्रमांक आपोआप सरकतात, नाहीतर ‘लेमा २ प्रमाणे’ हे वाक्य नकळत भलत्याच लेमाकडे बोट दाखवू लागतं.

अशी रांग लावल्यावर वहीत न दिसलेली एक गोष्ट दिसते: प्रमेय कशामुळे खरं आहे. दोन अंकी संख्यांवर हीच क्रिया करून पाहा. ९० − ०९ = ८१, मग ६३, मग २७, मग ४५, आणि ५४ − ४५ = ०९, की पुन्हा ८१. इथे ४९५ सारखी थांबायची जागा नाही, पाच संख्यांचं चक्र फिरत राहतं. सिद्धता कोणत्या ओळीत मोडते ते आता नेमकं सांगता येतं. लेमा १ ची दोन अंकी आवृत्ती चालते, उत्तर ९ × प येतं. लेमा २ चीही चालते, अंक प − १ आणि १० − प. मोडतो तो लेमा ३. मधला ९ नसल्यामुळे ‘सर्वांत मोठा अंक ९’ हे वाक्य लिहिता येत नाही, आणि पसारा पायरी पायरीने उतरायचं सोडून १, ९, ७, ३, ५, १ असा फिरतो. तीन अंकी संख्यांना ४९५ वर नेऊन थांबवणारा तो मधला ९ आहे.

चार अंकांकडे, म्हणजे कापरेकरांच्या ६१७४ कडे जायचं तर आधी लेमा १ बदलावा लागतो. मोठ्यापासून लहानापर्यंत अंक अ, ब, क, ड घेतले तर क्रियेचं उत्तर ९९९(अ − ड) + ९०(ब − क) येतं. मधले अंक आता उडत नाहीत, त्यामुळे एका पसाऱ्यावर भागत नाही. बाहेरचा आणि आतला असे दोन पसारे व्याख्येतच मांडावे लागतात. आतला बाहेरच्यापेक्षा मोठा नसतो, आणि बाहेरचा १ ते ९ असतो. अशा जोड्या ५४ होतात. तीन अंकांच्या वेळी पसाऱ्याच्या नऊ किमती एका ओळीत उरकल्या होत्या, इथे ५४ जोड्यांचा तक्ता करून प्रत्येक जोडी कुठे जाते ते लिहावं लागतं, आणि त्यांतली प्रत्येक ७ फेऱ्यांच्या आत ६१७४ ला पोचते. तो तक्ता प्रमेयाच्या सिद्धतेत कोंबायचा की स्वतंत्र लेमा करून आधी ठेवायचा, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं. मी तो आधी ठेवेन, म्हणजे प्रमेयाची सिद्धता तीन ओळींत मावेल आणि ज्याला तक्ता तपासायचा आहे त्याला तो एका जागी सापडेल.